पक्षापासून साध्यापर्यंत : बीजगणिताच्या वहीतील सिद्धता



स्मृतिव्याख्यानासाठी निवडलेला आजचा विषय वरवर पाहता फार लहान आहे. बीजगणिताच्या गृहपाठात ‘सिद्ध करा’ असा प्रश्न आला की विद्यार्थ्याने वहीत नेमके काय लिहावे, एवढाच तो आहे. पण हा प्रश्न गणिताच्या पदवी अभ्यासक्रमात अनेकांची वाट अडवतो, आणि त्याचे कारण शाळेत शोधता येते. नववी-दहावीच्या भूमितीत आपण प्रमेय लिहायला शिकलो तेव्हा वहीत चार मथळे ठरलेले होते : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. काय दिले आहे आणि काय दाखवायचे आहे, हे आधी वेगवेगळे लिहायचे आणि मगच पुढे जायचे. बीजगणितात मात्र हे मथळे आपल्याला क्वचितच भेटले. तिथे बहुतेक वेळा आज्ञा असे ‘सोडवा’ किंवा ‘किंमत काढा’. समीकरण लिहायचे, दोन्ही बाजूंवर क्रिया करत खाली यायचे, x ची किंमत निघाली की उत्तराखाली रेघ मारायची. पदवीच्या वर्गात ग्रुप, रिंग, सदिश अवकाश असे विषय सुरू होतात आणि बीजगणितातही ‘सिद्ध करा’ येऊ लागते, तेव्हा विद्यार्थी तीच सवय पुढे चालवतो. जे सिद्ध करायचे तेच पहिल्या ओळीत लिहितो, त्यावर क्रिया करतो आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की थांबतो. माझे म्हणणे असे की बीजगणितातली एखादी ओळ बरोबर आहे की चूक, हे त्या ओळीतल्या चिन्हांवरून ठरत नाही. ती ओळ कोणत्या कारणाने लिहिली, यावरून ते ठरते. हे मान्य केले तर गृहीत कसे मांडावे, व्याख्या कशी वापरावी आणि शेवट कसा करावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

हे दाखवण्यासाठी मी एकच प्रमेय घेतो. ग्रुप सिद्धांताच्या पहिल्या काही आठवड्यांत ते गृहपाठात हमखास येते : एखाद्या ग्रुपमधील प्रत्येक घटकाचा वर्ग अविकारक घटकाइतका असेल, तर तो ग्रुप क्रमनिरपेक्ष असतो. सभागृहातील ज्यांचा गणिताशी संबंध सुटून बराच काळ लोटला आहे, त्यांच्यासाठी यातल्या संज्ञा थोडक्यात सांगतो. ग्रुप म्हणजे काही घटकांचा संच आणि त्यांना जोडणारी एक क्रिया. कोणतेही दोन घटक जोडले की येणारे उत्तर त्याच संचात असते. तीन घटक जोडताना कंस कुठेही घातला तरी उत्तर बदलत नाही. शाळेत आपण याला साहचर्य म्हणत होतो. संचात e नावाचा एक अविकारक घटक असतो, ज्याला जोडल्याने काहीच बदलत नाही. आणि प्रत्येक घटकाला व्यस्त घटक असतो, म्हणजे केलेली क्रिया उलटवता येते. a आणि b जोडले तर त्याला ab लिहायचे आणि aa ला a² लिहायचे. इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी लागते : ab आणि ba एकच असतील असे या व्याख्येत कुठेही म्हटलेले नाही. ज्या ग्रुपमध्ये कोणत्याही दोन घटकांसाठी ab = ba असते, त्यालाच क्रमनिरपेक्ष म्हणतात. उदाहरणादाखल एक पोस्टकार्ड टेबलावर ठेवा आणि ते उचलून पुन्हा त्याच जागी बसेल अशा हालचाली मोजा. तसेच राहू देणे, अर्धा फेरा देणे, आडव्या रेषेभोवती उलटणे आणि उभ्या रेषेभोवती उलटणे, अशा त्या चार भरतात. यातली कोणतीही हालचाल लागोपाठ दोनदा केली की कार्ड मूळ स्थितीत येते, म्हणजे प्रत्येकीचा वर्ग e आहे. प्रमेय म्हणते की अशा ठिकाणी हालचालींचा क्रम बदलला तरी फरक पडणार नाही.

आता या प्रमेयाचे वहीत सर्रास दिसणारे उत्तर पाहू. त्यात साधारण तीन ओळी असतात :

(ab)² = a²b²
abab = aabb
ba = ab

आणि खाली लिहिलेले असते, ‘सिद्ध झाले’. पहिल्या ओळीपाशी थांबून विद्यार्थ्याला विचारले की ही ओळ कुठून आली, तर उत्तर मिळते की घातांकाचा नियम आहे, सातवी-आठवीपासून येतो. नियम खराच आहे, पण संख्यांसाठी. (ab)² म्हणजे abab. त्यातून aabb मिळवायचे तर मधल्या ba च्या जागी ab लिहावे लागते. संख्यांच्या बाबतीत गुणाकार क्रमनिरपेक्ष असल्यामुळे तसे लिहिता येते. ग्रुपमध्ये तसे लिहिता येते की नाही, हेच तर आपल्याला सिद्ध करायचे आहे. म्हणजे विद्यार्थ्याने पहिल्याच ओळीत साध्य गृहीत धरले आणि तिसऱ्या ओळीत तेच परत काढले. शिवाय या तीन ओळींत प्रमेयाचा पक्ष, म्हणजे प्रत्येक घटकाचा वर्ग e आहे ही गोष्ट, एकदाही वापरलेली नाही. पक्षाला हात न लावता निघालेली सिद्धता खरी असती तर जगातला प्रत्येक ग्रुप क्रमनिरपेक्ष ठरला असता.

तसे नाही, हे पुठ्ठ्याचा समभुज त्रिकोण कापून पाहता येते. तो आपल्या जागी परत बसेल अशा हालचालींमध्ये प्रत्येक शिरोबिंदूतून जाणाऱ्या मध्यरेषेभोवती उलटण्याची एकेक हालचाल आहे. त्यांपैकी दोन वेगळ्या हालचालींना a आणि b म्हणू. दोन्ही दोनदा केल्या की त्रिकोण पूर्ववत होतो. म्हणून a² = e आणि b² = e, अर्थात a²b² = e. पण एक हालचाल करून लगेच दुसरी केली तर त्रिकोण दोनदा उलटला जाऊन पुन्हा सुलट होतो, फक्त तो १२० अंशांतून फिरलेला असतो. तेच पुन्हा केले की तो २४० अंशांतून फिरलेला असतो, मूळ स्थितीत नसतो. म्हणजे इथे (ab)² हे e नाही आणि घातांकाचा तो परिचित नियम मोडला. क्रम उलटा केला तर त्रिकोण विरुद्ध दिशेने १२० अंश फिरतो, म्हणजे ab आणि ba सुद्धा वेगळे आहेत. ज्या नियमावर वहीतील पहिली ओळ उभी होती तो ग्रुपमध्ये सर्वत्र चालत नाही, हे या एका त्रिकोणाने सिद्ध होते.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की पहिली ओळच खोडायला हवी. तसे नाही, आणि या उदाहरणाचे खरे महत्त्व इथेच आहे. त्याच तीन ओळी, एकही चिन्ह न बदलता, बरोबर सिद्धता होऊ शकतात. ती अशी लिहावी :

पक्ष : G हा ग्रुप आहे, त्याचा अविकारक घटक e आहे, आणि G मधील प्रत्येक x साठी x² = e.
साध्य : G मधील कोणत्याही a, b साठी ab = ba.
सिद्धता : समजा a आणि b हे G मधील कोणतेही दोन घटक आहेत. G हा ग्रुप असल्यामुळे ab हाही G चा घटक आहे, म्हणून पक्षानुसार (ab)² = e. तसेच पक्षानुसार a² = e आणि b² = e, म्हणून a²b² = ee = e. दोन्ही e इतके असल्यामुळे (ab)² = a²b², म्हणजेच abab = aabb. दोन्ही बाजूंना डावीकडून a चा व्यस्त आणि उजवीकडून b चा व्यस्त जोडला असता ba = ab मिळते. a आणि b हे कोणतेही घटक होते, म्हणून G क्रमनिरपेक्ष आहे.

आता (ab)² = a²b² ही ओळ घातांकाच्या नियमाने आलेली नाही. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे e इतक्या आहेत, म्हणून त्या एकमेकींइतक्या आहेत. ओळ तीच, एका वहीत ती साध्य चोरून आणते, दुसऱ्या वहीत पक्षातून रीतसर येते. ज्या शिक्षकाच्या हाती केवळ तीन ओळींची वही आहे, त्याला यातले काय विद्यार्थ्याच्या मनात होते हे कळायला मार्ग नाही. म्हणून कारण लिहिणे हा सिद्धतेचाच भाग आहे. ते गाळले तर जे उरते ते बरोबरही असू शकते आणि चूकही, आणि असे लेखन सिद्धता ठरत नाही.

यावरून पहिला प्रश्न घेऊ, गृहीत कसे मांडावे. वरच्या सिद्धतेत ‘समजा a आणि b हे कोणतेही दोन घटक आहेत’ हे वाक्य सगळ्यात जास्त काम करते, आणि वहीतून सगळ्यात आधी गळते तेही हेच. ‘कोणतेही’ म्हणताना विद्यार्थी एक जबाबदारी घेत असतो : या दोन अक्षरांबद्दल पक्षात जेवढे सांगितले आहे, त्यापलीकडचे काहीही मी वापरणार नाही. ही जबाबदारी नकळत कशी मोडते, याचे उदाहरण पूर्णांकांत सापडते. दोन विषम संख्यांचा गुणाकार विषम असतो, हे दाखवायचे आहे. विद्यार्थी लिहितो, m आणि n विषम आहेत, म्हणून m = 2k+1 आणि n = 2k+1. पुढचे आकडेमोडीचे काम तो चोख करतो. पण एकच k दोन्हीकडे लिहिल्यामुळे m आणि n समान झाले. त्याने एका विषम संख्येचा वर्ग विषम असतो एवढेच दाखवले. ३ गुणिले ५ त्याच्या सिद्धतेत बसत नाही. विषम संख्येच्या व्याख्येत ‘असा एखादा पूर्णांक असतो’ असे म्हटलेले असते, आणि m साठीचा पूर्णांक व n साठीचा पूर्णांक एकच असल्याचे कोणी सांगितलेले नाही. म्हणून m = 2k+1 आणि n = 2j+1 लिहायला हवे. मग mn = 2(2kj+k+j)+1 येते. कंसातील संख्या पूर्णांक आहे, म्हणून व्याख्येनुसार mn विषम आहे. नियम सोपा आहे : वहीत नवे अक्षर आले की ते कोण आहे, कुठल्या संचातले आहे, आणि आपण ते हवे तसे निवडले आहे की आपल्याला मिळाले आहे, हे त्याच ओळीत सांगावे. ओळख करून न दिलेले अक्षर दिसले की समजावे, चूक त्याच्या आसपास असण्याचा संभव मोठा आहे.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, परीक्षेत दोन गुणांसाठी ती लिहितातही, पण सिद्धतेत तिचा उपयोग करायचा असतो हे त्यांच्या मनावर ठसत नाही. बीजगणितातल्या सुरुवातीच्या बहुतेक प्रश्नांत सिद्धतेची पहिली आणि शेवटची ओळ व्याख्याच ठरवून देते. क्रमनिरपेक्षतेच्या व्याख्येत ‘कोणत्याही a, b साठी ab = ba’ असे आहे; म्हणून सुरुवात ‘कोणतेही a, b घेऊ’ अशी आणि शेवट ‘ab = ba’ असा. एखादे फलन एकास-एक आहे हे दाखवायचे असेल, तर व्याख्या सांगते की f(x) = f(y) असल्यास x = y असते; म्हणून सुरुवात ‘समजा f(x) = f(y)’ आणि शेवट ‘x = y’. या दोन ओळी कोऱ्या कागदावर वर आणि खाली लिहिल्या की मधली रिकामी जागा म्हणजेच खरा प्रश्न. आमच्या प्रमेयात ती जागा भरायला एकच कल्पना लागली : पक्ष a ला आणि b ला तर लावायचाच, पण ab या तिसऱ्या घटकालाही लावायचा. ही कल्पना सुचणे अवघड असेल, पण ती कुठे शोधायची हे व्याख्येने आधीच सांगितले होते. पक्षात ‘प्रत्येक घटक’ असा शब्द आहे. आपल्यापाशी घटक कोणते आहेत? a, b, आणि ग्रुपच्या व्याख्येमुळे ab. मग पक्ष त्याला लावून पाहणे ओघानेच येते. व्याख्येचा एखादा अंश वापरायचा राहून गेला असेल तर बहुधा अडखळण्याचे कारण तोच असतो. उलट व्याख्येऐवजी तिची मनातली ढोबळ प्रतिमा वापरली तर घात होतो. ग्रुप म्हणजे ‘संख्यांसारखे काहीतरी’ अशी प्रतिमा धरणाऱ्यानेच घातांकाचा नियम लावला होता.

तिसरा प्रश्न शेवटाचा. पाचव्या शतकातील ग्रीक भाष्यकार प्रोक्लस याने युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’वरील भाष्यात प्रमेयाचे सहा भाग सांगितले आहेत : विधान, पक्षाची मांडणी, साध्याचे निश्चितीकरण, रचना, सिद्धता आणि निष्कर्ष. आपल्या शाळेच्या वहीतले चार मथळे त्यांतल्या चार भागांशी सरळ जुळतात. निष्कर्षाला मात्र त्या वहीत वेगळा मथळा नाही. युक्लिड शेवटी मूळ विधान पुन्हा सांगतो आणि मग ‘जे दाखवायचे होते ते हेच’ अशा अर्थाचे वाक्य लिहितो. ही पुनरुक्ती निरुपयोगी वाटते, पण तिच्यात एक पायरी दडलेली आहे. सिद्धतेच्या मध्यात आपण दोन विशिष्ट अक्षरांबद्दल बोलत होतो. साध्य मात्र सगळ्या घटकांबद्दल आहे. ‘ba = ab’ वर थांबलो तर आपण त्या दोन अक्षरांपाशीच राहिलो. ‘a आणि b कोणतेही होते, म्हणून G क्रमनिरपेक्ष आहे’ हे वाक्य एकाकडून सर्वांकडे नेते, आणि सुरुवातीला घेतलेली ‘कोणतेही’ची जबाबदारी पाळली असेल तरच ते लिहिण्याचा अधिकार मिळतो. म्हणून शेवटची ओळ लिहिताना नजर साध्याच्या ओळीवर ठेवावी आणि तेच शब्द यावेत असे पाहावे. प्रश्न ‘जर आणि फक्त जर’ असा असेल तर असे दोन शेवट लागतात, कारण साध्ये दोन असतात. आमच्या प्रमेयात उलट दिशा खरी नाही : पूर्णांकांची बेरीज क्रमनिरपेक्ष आहे, पण १ मध्ये १ मिळवले की अविकारक ० येत नाही, २ येतात. निष्कर्षात साध्यापेक्षा एक शब्दही जास्त लिहिला की विधान खोटे होऊ शकते, ते असे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की साध्यापासून सुरुवात करण्यात गैर काय? गणिती स्वतः तसेच तर विचार करतात. हे खरे आहे, आणि जुनेही आहे. अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकात या दोन वाटा वेगळ्या नोंदवल्या आहेत : जे हवे ते मिळाले असे मानून मागे जात माहीत असलेल्या गोष्टीपर्यंत पोचणे, आणि मग त्या गोष्टीपासून उलट क्रमाने पुढे येणे. पहिली वाट शोधाची आहे, दुसरी सिद्धतेची. ऋण नसलेल्या a, b या वास्तव संख्यांसाठी a + b ≥ 2√(ab) दाखवायचे असेल, तर मागे जात (√a − √b)² ≥ 0 पर्यंत पोचणे हीच सरळ युक्ती आहे. पण ते कच्च्या कागदावर. पक्क्या वहीत सुरुवात ‘कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून (√a − √b)² ≥ 0’ इथून करायची आणि a + b ≥ 2√(ab) वर संपवायचे. फरक केवळ शिष्टाचाराचा नाही. साध्यापासून निघून खऱ्या विधानाला पोचलो म्हणजे साध्य खरे ठरते असे नाही. −3 = 3 लिहा, दोन्ही बाजूंचे वर्ग करा, 9 = 9 हे निर्विवाद सत्य हाती येते. मागे जाताना केलेली प्रत्येक पायरी उलटी चालते का, हे पक्के लिहिताना आपोआप तपासले जाते. वर्ग करण्याची पायरी उलटी चालत नाही, आणि तिथेच वही अडते. तिने अडावे हेच आपल्याला हवे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नामवंत गणितींचे शोधनिबंध पाहा, म्हणतात, तिथे ‘हे उघड आहे’ लिहून पानेच्या पाने ओलांडलेली असतात. मग विद्यार्थ्याने व्यस्त घटक डावीकडून जोडला की उजवीकडून, हेही का लिहावे? याचे उत्तर वाचक कोण, यावर आहे. शोधनिबंधाचा वाचक त्या पायऱ्या स्वतः भरू शकतो, आणि लेखकाला त्या येतात याबद्दल त्याला शंका नसते. गृहपाठात नेमकी हीच शंका तपासायची असते. शिक्षकाला प्रमेय माहीत आहे म्हणून त्याच्यासाठी लिहिले तर काहीच लिहायला नको. लिहावे ते त्याच वर्गातील अशा सोबत्यासाठी, ज्याला कालपर्यंतच्या व्याख्या येतात, आजचे प्रमेय येत नाही, आणि जो प्रत्येक ओळीला ‘का?’ म्हणून विचारतो. असा वाचक डोळ्यांसमोर ठेवला की किती लिहावे याचे मापही मिळते. साहचर्यामुळे कंस हलवले हे पहिल्या महिन्यात लिहावे, सहाव्या महिन्यात नाही लिहिले तरी चालेल, कारण तो सोबतीही तेवढा पुढे आलेला असतो. पण प्रमेय ज्या पायरीवर उभे आहे ती पायरी कधीच गाळू नये. आमच्या सिद्धतेत ती पायरी म्हणजे ab ला पक्ष लावणे. आणि ‘उघड आहे’ हे शब्द आपल्याच वहीत लिहावेसे वाटले, तर ते कारण एका वाक्यात सांगता येते का हे पाहावे. येत असेल तर ते वाक्यच लिहावे. येत नसेल तर ती गोष्ट उघड नाही.

तिसरा आक्षेप असा की व्याख्या उलगडणे, मथळे घालणे, कारणे देणे या सगळ्याने गणिताचा साचा होतो आणि प्रतिभा मारली जाते. या आक्षेपातले सत्य एवढेच की स्वच्छ मांडणी कल्पना सुचवत नाही. पक्ष आणि साध्य कितीही नेटके लिहिले तरी काही प्रश्नांत मधली जागा आठवडाभर रिकामी राहते. पण ती रिकामी आहे, हे तरी दिसते. तीन ओळींच्या चुकीच्या वहीत तेही दिसत नव्हते. लिहिणाऱ्याला प्रश्न सुटल्याचे समाधानही मिळाले होते. भास्कराचार्यांनी गोलाध्यायाच्या आरंभी उपपत्तीविषयी जे म्हटले आहे त्याचा आशय असा की उपपत्तीवाचून गणकाला विद्वानांच्या सभेत प्रौढी मिळत नाही आणि तो स्वतःही निःशंक होत नाही. दोन प्रयोजने आहेत : दुसऱ्याला पटवणे आणि स्वतःची शंका फेडणे. गृहपाठात पहिले प्रयोजन गुणांच्या रूपाने भागते, पण दुसरे जास्त मोलाचे आहे, कारण आपली चूक आपल्यालाच सापडण्याची सोय त्यात आहे.

ही सोय प्रत्यक्षात कशी वापरायची, हे सांगून मी आवरते घेतो. सिद्धता लिहून झाली की पक्षातील प्रत्येक अट बोटाने दाखवावी आणि ती कोणत्या ओळीत वापरली ते शोधावे. आमच्या सिद्धतेत ‘x² = e’ ही अट तीन ठिकाणी लागली, a साठी, b साठी आणि ab साठी. आता पक्ष थोडा बदलू : प्रत्येक घटकाचा वर्ग नव्हे, घन e इतका आहे. तरीही ग्रुप क्रमनिरपेक्ष असेल का? घातांकाचा नियम लावणारी वही इथेही बेधडक ‘होय’ म्हणेल, कारण तिने पक्ष पाहिलाच नव्हता. कारणांसह लिहिलेली वही पुन्हा चालवून पाहू. (ab)³ आणि a³b³ दोन्ही e इतके आहेत, म्हणून ababab = aaabbb. डावीकडचा a आणि उजवीकडचा b काढून टाकला की baba = aabb उरते. इथून ba = ab काढायला हाती कोणतेच कारण नाही, आणि सिद्धता याच ओळीवर थांबते. थांबणे योग्यच आहे, कारण विधानच खोटे आहे. तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या अशा सारण्या घ्या की ज्यांच्या मुख्य कर्णावर १ आहेत, कर्णाखाली सगळीकडे ० आहेत आणि कर्णाच्या वरच्या बाजूला असलेल्या तीन जागी ०, १ किंवा २ आहेत. गुणाकार करताना प्रत्येक संख्येला ३ ने भागून उरणारी बाकीच ठेवायची. अशा २७ सारण्यांचा ग्रुप होतो, त्यात प्रत्येक सारणीचा घन अविकारक सारणी येतो, आणि तरीही गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते. प्रमेय वर्गासाठी खरे आणि घनासाठी खोटे का, याचे उत्तर मिळवायला वेगळे पुस्तक उघडावे लागले नाही. ज्या विद्यार्थ्याने प्रत्येक ओळीचे कारण लिहिले होते, त्याला त्याच्याच वहीतली नेमकी ती ओळ दाखवता येते, जिथे २ च्या जागी ३ घातल्यावर कारण संपते.